एका रस्त्याची दोन निदानं
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गुन्हेगारी का वाढते, असा प्रश्न मी वर्गात विचारला की हमखास दोन उत्तरं येतात. एका बाकावरून आवाज येतो, 'गरिबी आणि बेकारी.' दुसऱ्या बाकावरून येतो, 'कायद्याचा धाकच उरला नाही.' मग दोन्ही बाकांचं जुंपतं. गुन्हेशास्त्रात हेच भांडण १९८०च्या सुमाराला अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अभ्यासकांत झालं. एका बाजूला उजवा वास्तववाद म्हणतात, दुसरीला डावा वास्तववाद. दोन्ही नावांत 'वास्तववाद' हा शब्द आहे, तो का, हे आधी सांगतो.

त्या काळी विद्यापीठांत एक मत जोरात होतं. गुन्हेगारीचा बागुलबुवा वर्तमानपत्रं आणि सत्ताधारी उभा करतात, खरे मोठे गुन्हे बड्या लोकांचे, आणि रस्त्यावरच्या चोऱ्यामाऱ्यांची चर्चा म्हणजे गरिबांना बदनाम करणं, असं ते मत. उजवे आणि डावे वास्तववादी या मुद्द्यावर एकत्र आले आणि म्हणाले, नाही, रस्त्यावरचा गुन्हा खरा आहे, लोकांची भीती खरी आहे आणि या गुन्ह्याची सर्वांत जास्त झळ गरीब वस्तीलाच लागते. इथपर्यंत दोघांचं जमतं. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

आधी उजवी वाट पाहू. जेम्स विल्सन हे अमेरिकेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७५ साली त्यांनी गुन्हेगारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा सवाल साधा होता. १९६०च्या दशकात अमेरिकेत सुबत्ता वाढली, गरिबी हटवण्यावर सरकारने पैसा ओतला, तरी गुन्हे वाढतच गेले. मग गरिबी हे कारण कसं? विल्सन यांच्या मते गुन्ह्याची मुळं माणसाच्या स्वभावात आणि घरातल्या वळणात असतात. ज्याला आजच्या मोहापुढे उद्याचा परिणाम दिसत नाही, तो गुन्ह्याकडे लवकर झुकतो. हा स्वभाव सरकारला बदलता येत नाही. सरकारला बदलता येतो तो हिशेब. पकडलं जाण्याची खात्री वाढवा, म्हणजे गुन्हा परवडेनासा होईल.

१९८२ साली विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी एका मासिकात लेख लिहिला. तो 'फुटक्या खिडक्यां'चा लेख म्हणून ओळखला जातो. इमारतीची एक काच फुटली आणि कुणी बसवली नाही, तर थोड्याच दिवसांत बाकीच्याही फुटतात, कारण इथे विचारणारं कुणी नाही, असा निरोप त्या काचेतून सगळ्यांना मिळतो. वस्तीचंही तसंच होतं. दारूडे, भिंती रंगवणारी पोरं, टोळकी यांना कुणी हटकलं नाही, की भली माणसं संध्याकाळी घराबाहेर पडेनाशी होतात. रस्ता ओस पडला की लुटारूंना तो मोकळा मिळतो. म्हणून पोलिसांनी बारीकसारीक बेशिस्तीकडेही लक्ष द्यावं, असा या लेखाचा सांगावा.

न्यूयॉर्कमध्ये तो अमलात आला. १९९०मध्ये विल्यम ब्रॅटन भुयारी रेल्वेच्या पोलिसांचे प्रमुख झाले. त्यांनी लूटमारीच्या आधी विनातिकीट प्रवासी पकडायला सुरुवात केली. तिकिटाच्या फाटकावरून उडी मारणाऱ्यांना बेड्या घालून फलाटावरच रांगेत उभं केलं जाई. झडती घेतल्यावर असं दिसलं, की साधारण दर सात जणांमागे एकावर आधीच अटकेचं वॉरंट निघालेलं आहे. १९९४मध्ये रुडॉल्फ जुलियानी महापौर झाले आणि ब्रॅटन शहराचे पोलिसप्रमुख. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये २,२००हून जास्त खून झाले होते. १९९८मध्ये ती संख्या ६३३वर आली. जगभरचे महापौर हा चमत्कार पाहायला न्यूयॉर्कला जाऊ लागले.

आता अटलांटिक ओलांडून लंडनला येऊ. दक्षिण लंडनमध्ये ब्रिक्स्टन नावाचा भाग आहे. वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती होती, बेकारी होती आणि रस्त्यावरची लूटमारही होती. एप्रिल १९८१मध्ये पोलिसांनी तिथे साध्या वेषातली माणसं उतरवली. काही दिवसांत त्यांनी ९४३ लोकांना अडवून झडत्या घेतल्या. त्यांत कृष्णवर्णीय तरुणांचा भरणा मोठा होता. त्यातून ११८ जणांना अटक झाली आणि ७५ जणांवर आरोप ठेवले गेले. मोहीम लुटारूंविरुद्ध होती, पण जबरी चोरीचा आरोप एकाच माणसावर लागला. म्हणजे सव्वाआठशे माणसं काही कारण नसताना भर रस्त्यात खिसे उलटे करून उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. मोहीम चालू असतानाच ब्रिक्स्टनमध्ये दंगल पेटली आणि तीन दिवस धुमसत राहिली.

या पार्श्वभूमीवर १९८४ साली जॉन ली आणि जॉक यंग यांचं पुस्तक आलं आणि डाव्या वास्तववादाला आकार मिळाला. त्यांनी आपल्याच डाव्या मित्रांना सुनावलं, की पोलिस वाईट वागले म्हणून लुटारू काही सज्जन ठरत नाही. नुसतं मत मांडून न थांबता यंग आणि सहकाऱ्यांनी उत्तर लंडनच्या इझ्लिंग्टन भागात घरोघर जाऊन पाहणी केली. तिचा अहवाल १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षभरात तिथल्या सुमारे एक तृतीयांश घरांना गंभीर गुन्ह्याची झळ लागली होती. एक चतुर्थांश माणसं केवळ भीतीपोटी अंधार पडल्यावर घराबाहेर पडणं नेहमीच टाळत होती. बायकांमध्ये हे प्रमाण याहून कितीतरी जास्त होतं. घरी बसलेल्या या बाईची भीती म्हणजे वर्तमानपत्रांनी पढवलेला भ्रम, असं म्हणायची सोय आता डाव्यांना राहिली नाही.

कारणांबाबत मात्र ली आणि यंग विल्सन यांच्याशी सहमत नव्हते. नुसत्या गरिबीने गुन्हा होत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पण गरिबी आणि वंचितपणाची जाणीव यांत फरक आहे, असं ते म्हणत. शेजाऱ्याकडे जे आहे ते आपल्यालाही मिळायला हवं होतं आणि ते अन्यायाने मिळत नाही, ही बोच म्हणजे सापेक्ष वंचितता. सुबत्ता वाढताना गुन्हे का वाढले, या विल्सन यांच्या कोड्याचं उत्तर त्यांनी इथे शोधलं. दुकानाची काच जितकी चकचकीत, तितकी बाहेर उभ्या पोराची बोच जास्त. त्यात त्या पोराला ना कामगार संघटना, ना पक्ष, ना नगरपालिकेत ऐकणारं कुणी. मग ती बोच राजकारणाच्या वाटेने बाहेर न पडता शेजारणीची पर्स हिसकावण्यात बाहेर पडते.

दोघांमधला खरा तंटा मला पोलिसांच्या कामाबाबत दिसतो. पोलिसांना गुन्हा कळतो कसा? बहुतेक गुन्हे पोलिस स्वतः शोधत नाहीत. कुणीतरी येऊन सांगतं, कुणी वर्णन देतं, कुणी साक्षीला उभं राहतं. डावे वास्तववादी म्हणतात, माहितीचा हा नळ लोकांच्या हातात आहे. पोलिसांनी सरसकट झडत्या सुरू केल्या, की ज्याच्या मुलाला विनाकारण अडवलं तो बाप पुढच्या वेळी बोलत नाही. माहिती आटली की गुन्हेगार नेमका कोण, हे पोलिसांना कळेनासं होतं. मग ते वयावरून, कातडीच्या रंगावरून आणखी माणसं अडवतात आणि माहिती आणखी आटते. ब्रिक्स्टनचे ९४३ हा या दुष्टचक्राचा एक फेरा होता. म्हणून त्यांचा उपाय असा, की पोलिस स्थानिक लोकांना उत्तरदायी हवेत, लोकांनी बोलावल्यावर यावेत, आणि नोकऱ्या, घरं, तरुणांसाठी सोयी ही कामं नगरपालिकेने बरोबरीने करावीत.

मग न्यूयॉर्कचं काय? तिथे तर कडक बंदोबस्ताने गुन्हे घटले ना? इथे जरा थांबून पाहायला हवं. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या इतर मोठ्या शहरांतही गुन्हे घटले. सॅन डिएगोसारख्या शहरात तर पोलिसांनी रहिवाशांना सोबत घेण्यावर भर दिला होता आणि तिथेही मोठी घट झाली. न्यूयॉर्कमध्ये याच काळात पोलिसांची संख्या वाढली होती आणि क्रॅक कोकेनची साथ ओसरली होती. तेव्हा श्रेय एकट्या फुटक्या काचेला देता येत नाही.

पुढे एक परीक्षा आपोआप घडली. न्यूयॉर्कमध्ये अडवणूक आणि झडत्यांचं प्रमाण वाढत जाऊन २०११ साली ६,८५,०००च्या वर पोचलं. त्यांत दर दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना ना अटक झाली, ना दंड. २०१३मध्ये न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. २०१४मध्ये झडत्या ५०,०००च्या खाली आल्या. शहर पुन्हा बिघडेल, असा इशारा दिला गेला होता. तसं झालं नाही. २०१४मध्ये साडेतीनशेच्याही आत खून झाले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. फुटकी काच बसवणं आणि वाटेल त्याचा खिसा तपासणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केलिंग यांनीही पुढे आपली कल्पना सरसकट कडकपणापासून वेगळी करून सांगितली. पण प्रत्यक्षात पहिलीचं रूपांतर दुसरीत फार सहज होतं.

डाव्यांचीही एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यापासून गुन्हे घटत गेले, पण श्रीमंत-गरिबांमधली दरी काही बुजली नव्हती. २००८च्या मंदीनंतरही गुन्ह्यांचा पूर आला नाही. सापेक्ष वंचितता हेच मुख्य कारण असतं, तर असं व्हायला नको होतं. शिवाय एकाच गल्लीत, एकाच बेकारीत वाढलेल्या दहा पोरांपैकी नऊ जण चोरीकडे वळत नाहीत. त्यांना कुणी आवरलं, याचं उत्तर देताना डाव्यांनाही घराकडे आणि शेजाराकडे वळावंच लागतं, आणि विल्सन तिथे आधीच उभे असतात.

ब्रिटिश सरकारने १९९८च्या कायद्यात दोघांनाही जागा दिली. पोलिस आणि नगरपालिकेने मिळून आपल्या भागाचा गुन्हेविषयक आराखडा करावा, हे डाव्यांचं म्हणणं त्यात आलं, आणि वस्तीला त्रास देणाऱ्यावर न्यायालयाकडून बंधनं आणावीत, हे उजव्यांचंही आलं. ही बंधनं पुढे इतकी सढळ वापरली गेली, की २०१४मध्ये त्यांच्या जागी दुसरा कायदा करावा लागला.

इझ्लिंग्टनमधली घरी बसलेली बाई आणि ब्रिक्स्टनमधला खिसे उलटे करून उभा राहिलेला मुलगा, दोघांवरही अन्याय झाला. एकाचा दूर करताना दुसऱ्याचा वाढवला, तर ती बाईसुद्धा सुरक्षित होत नाही, कारण तिची पर्स हिसकावली जाताना पाहणारा साक्षीदार बहुधा तो मुलगाच असतो. त्यामुळे एखाद्या शहरात मोहीम यशस्वी झाल्याची बातमी वाचतो, तेव्हा किती लोकांना पकडलं हा आकडा मी नंतर पाहतो. आधी शोधतो, की त्या वस्तीतली माणसं आता पोलिसांकडे येऊन आधीपेक्षा जास्त बोलतात, की कमी.