थेट कॉल अडतो कुठे?

घरातल्या लॅपटॉपचा पत्ता समजा 192.168.1.5 आहे. हाच पत्ता शेजारच्या घरातही असू शकतो, म्हणून इंटरनेटवर तो चालत नाही. राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट घालतो, जसं 203.0.113.7:40112, आणि ही जोडी नोंदवून ठेवतो. हेच नॅट. नोंद नसलेलं पॅकेट बाहेरून आलं, तर ते कोणाचं हे त्याला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. दोघंही अशा राउटरमागे असले की कॉल जुळणार कसा?

त्यासाठी दोघांची उपकरणं स्टन सर्व्हरला विचारतात, ‘मी बाहेरून कुठल्या पत्त्यावर दिसतो?’ उत्तरं कॉलच्या सर्व्हरमार्फत एकमेकांना कळतात, आणि दोघंही एकाच सुमारास यूडीपी पॅकेटं सोडू लागतात. पहिलं पॅकेट पलीकडे नाकारलं गेलं तरी बिघडत नाही. जाताना त्याने आपल्याच राउटरमध्ये नोंद करून ठेवलेली असते, त्यामुळे समोरून येणारं पुढचं पॅकेट उत्तर म्हणून आत घेतलं जातं. या युक्तीला होल पंचिंग म्हणतात. मला ती फार देखणी वाटते.

पण काही नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतात. स्टनला 40112 दिसला, मित्राकडे जाताना 40987 झाला, म्हणजे कळवलेला पत्ता निरुपयोगी. दोन्हीकडे असंच असेल तर बहुधा टर्न हा रिले सर्व्हरच उरतो. सगळा आवाज त्याच्यामार्फत वळसा घेऊन जातो, बँडविड्थचा खर्च सेवा देणाऱ्यावर पडतो. वेबआरटीसीमध्ये संभाषण कूटबद्ध असल्याने रिलेला ते ऐकता मात्र येत नाही. क्रोममध्ये कॉल चालू असताना chrome://webrtc-internals उघडा: निवडलेल्या जोडीत relay दिसलं, तर तुमचा कॉल थेट नाही.