आधी आलो, तरी थांबायचं का?

हात मोडलेल्या वडिलांना घेऊन मुलगा कॅज्युअल्टीत आधी पोहोचतो. पण मागून आलेल्या, छातीत दुखणाऱ्या रुग्णाला आधी आत घेतात. हा वशिला नव्हे, ‘ट्राएज’. नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध पाहून क्रम ठरतो: लाल म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकणारा. ओपीडीत मात्र सहसा केसपेपरच्या नंबरानेच बोलावतात. थांबलेले असताना वडिलांची बोटे बधिर, गार किंवा निळसर पडली, तर परिचारिकेला लगेच सांगावे. क्रम बदलू शकतो. प्लास्टर घालून घरी पाठवले, तर ती ‘अ‍ॅडमिशन’ नव्हे. शस्त्रक्रियेसाठी वॉर्डात ठेवले, तर आंतररुग्ण अशी नोंद होते. राउंडला डॉक्टर ‘डिस्चार्ज’ म्हणाले, तरी बिल आणि डिस्चार्ज समरी हाती येईपर्यंत काही तास जाऊ शकतात. समरीतली औषधे आणि पुन्हा दाखवायची तारीख तिथेच समजून घ्यावी.