रात्रपाळीच्या कामगाराचं रक्त कधी घ्यायचं?

कारखान्याच्या सूचना फलकावर कागद लागतो: 'शनिवारी सकाळी सात वाजता मोफत आरोग्य तपासणी शिबिर. उपाशीपोटी यावे.' पहिल्या पाळीच्या माणसाला हे सोयीचं असतं. रात्री नऊला जेवून तो सातला हात पुढे करतो, तेव्हा दहा तास उलटलेले असतात. रात्रपाळीच्या माणसाने मात्र अडीचच्या सुट्टीत डबा खाल्लेला असतो. सातपर्यंत होतात साडेचारच तास, आणि उपाशीपोटीच्या साखरेला किमान आठ लागतात. १०० च्या आतला आकडा सर्वसाधारण, १२६ किंवा जास्त आला तर मधुमेहाची शंका. डब्यानंतरचं रक्त या मापाने मोजलं, तर धडधाकट माणूसही घाबरून घरी जाईल.

यावर 'त्या रात्री जेवू नका' हा उपाय नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्याची साखर मशीनवर उभ्या-उभ्या एकदम उतरू शकते. पाळ्या आठवड्याने बदलत असतील, तर लागोपाठच्या दोन-तीन आठवड्यांत एकेक दिवस शिबिर ठेवावं; प्रत्येकाला आपल्या पहिल्या पाळीत येता येतं. नाहीतर एचबीए१सी करावी. ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते आणि तिला उपास लागत नाही. एवढंच, की रक्तक्षय असलेल्यांत तिचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन पाहिलेलं बरं.

रक्तदाबाचंही तसंच. जिना चढून, चहा घेऊन रांगेतून थेट पट्टा बांधला की आकडा वाढलेला दिसतो. पाच मिनिटं शांत बसवावं, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि १४०/९० च्या वर आला तरी एका मोजणीवर निदान करू नये.

तरीही अनेक जण येत नाहीत, आणि त्यामागे सुईची भीती क्वचितच असते. 'रिपोर्ट साहेबांकडे गेला तर?' हा खरा प्रश्न. धोक्याच्या प्रक्रियांतील कामगारांची कायद्याने होणारी तपासणी वेगळी. हे शिबिर ऐच्छिक आहे, हे सूचनेत पहिल्याच ओळीत हवं. कोणत्या तपासण्या होणार, हेही नावानिशी लिहावं. एचआयव्हीची चाचणी माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही आणि नोकरीसाठी तिची सक्तीही करता येत नाही. २०१७ चा कायदा ते स्पष्ट सांगतो.

अहवाल बंद पाकिटात त्या व्यक्तीच्याच हाती द्यावा. कंपनीला फक्त एकत्रित आकडे मिळावेत. तेही जपून: चौघांच्या स्टोअर विभागात 'एकाला मधुमेह' एवढं लिहिलं, तरी तो कोण हे दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना कळतं. अशा छोट्या विभागांचे आकडे मोठ्या गटात मिसळावेत. हजेरीची यादीही वरिष्ठांकडे जाऊ नये, कारण न आलेल्यांची नावं तिच्यातूनच निघतात.

आणि कामगारांनो, संमतीपत्रावर सही करण्याआधी एवढं विचारा: माझा अहवाल कोण पाहणार?