प्रकृतीमुळे राजीनामा आणि नोटीस पिरियडची सवलत

राजीनामा दिल्यावरही ठरावीक मुदत काम करण्याची अट, म्हणजे नोटीस पिरियड, खासगी नोकरीत बहुतेक वेळा अपॉइंटमेंट लेटरमधून आलेली असते. कुठे ती तीस दिवसांची असते, कुठे साठ. आयटी आणि तिच्यासारख्या क्षेत्रांत नव्वद दिवस सर्रास दिसतात. प्रकृती बिघडल्यामुळे नोकरी सोडणाऱ्या माणसाला मुळात काम झेपत नसते, म्हणून राजीनामा देणार आहे ती, त्याची अडचण नोटीसमध्येच असते. अशा वेळी राजीनाम्यासोबत डॉक्टरांचा सल्ला जोडून मुदतीआधी मोकळे करण्याची विनंती केली जाते.

या विनंतीचे बळ कशात आहे ते आधी पाहायला हवे. माणसाला कामावर येण्याची सक्ती कोणतेही न्यायालय सहसा करत नाही. नोटीस न पाळल्यास कंपनी पैसे मागू शकते, आणि भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार करारात आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवीच असावी लागते. पण आजारी असल्याचे सिद्ध झाले म्हणून नोटीस आपोआप माफ होते, असेही नाही. अपॉइंटमेंट लेटरमध्ये बहुधा ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द असतात. म्हणजे ही मागणी हक्काची कमी आणि तडजोडीची जास्त. कंपनीच्या हातात मात्र एक वजनदार वस्तू असते ती रिलीव्हिंग लेटर. पुढची कंपनी ते मागते, म्हणून घाईत कामावर जाणे बंद करणे महागात पडते. मेल टाकून दुसऱ्या दिवसापासून गायब झालेल्या माणसाची नोंद ‘न कळवता गैरहजर’ अशी होते आणि खरा आजारही मग सबब वाटू लागतो.

सगळ्यात जास्त चुका डॉक्टरांच्या कागदात होतात. रजेसाठी नेहमी मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांतीचा सल्ला’ असे लिहिलेले असते. तेच राजीनाम्याला जोडले, तर एचआर ते वाचून सरळ उत्तर देऊ शकते: मग तेवढ्या दिवसांची रजा घ्या आणि परत येऊन नोटीस पुरी करा. यात एचआरचे चुकत नाही, कारण कागद तेच सांगतो. राजीनाम्याला जोडायच्या सर्टिफिकेटमध्ये आजाराच्या नावाइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व कामाच्या बंधनाला आहे. ‘सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये, रोजचा लांबचा प्रवास टाळावा, 18 जूनपासून बैठे काम करू नये, सुधारणेला किती वेळ लागेल ते आज सांगता येत नाही’ या ओळी ‘कमरेचा त्रास, विश्रांती आवश्यक’ यापेक्षा खूप उपयोगी असतात. डॉक्टरांना कामाचे स्वरूप माहीत नसते. ते रुग्णानेच सांगायला हवे: किती तासांची पाळी, रात्रपाळी आहे का, बसून की उभ्याने, जाण्यायेण्यात किती वेळ जातो. डॉक्टरांनी मात्र तपासणीत जे दिसले तेच लिहायचे असते. रुग्णाच्या सोयीसाठी मजकूर फुगवलेले सर्टिफिकेट पडताळणीत उघडे पडते.

पडताळणी होतेही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात, की सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरने त्याची प्रत ठेवावी, त्यासाठीची नोंदवही ठेवावी आणि सर्टिफिकेटवर रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि शरीरावरची किमान एक ओळखखूण लिहावी. तीळ किंवा जुना व्रण असा उल्लेख दिसला की लोकांना हसू येते, पण तो नियमातलाच आहे. त्याशिवाय डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि तारीख असावीच. राजीनाम्यानंतर आठवड्याने तारीख पडलेले सर्टिफिकेट संशयाला जागा देते.

याउलट, एमआरआयची प्रत, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची यादी असे सगळे जोडण्याची गरज नसते. निर्णयासाठी कंपनीला कामाचे बंधन कळले म्हणजे पुरते. मानसिक आजार, गर्भपात, कर्करोग अशा बाबतीत अनेकांना निदान सांगायचे नसते. तेव्हा ‘उपचार चालू असलेला आजार’ एवढेच लिहून बंधने स्पष्ट करण्याची विनंती डॉक्टरांना करता येते. एचआरने तपशील मागितलाच, तर तो फक्त एका अधिकाऱ्याला, बंद पाकिटात किंवा स्वतंत्र मेलने देता येतो. रिपोर्टिंग मॅनेजरला जाणाऱ्या आणि चार जणांना सीसी होणाऱ्या मेलला तो लावू नये.

पत्रात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. राजीनामा निःसंदिग्ध असावा आणि लवकर सोडण्याची विनंती विनंतीसारखीच असावी. ‘लवकर सोडणार असाल तर राजीनामा देते’ असे वाक्य अटीचे होते, आणि राजीनामा नक्की कधी दिला हा वाद पुढे निघतो. मजकूर थोडक्यात असा असू शकतो:

‘प्रकृतीच्या कारणामुळे मी आज 3 जून रोजी पदाचा राजीनामा देत आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यांच्या सल्ल्यानुसार 18 जूननंतर बैठे काम करणे मला शक्य नाही. म्हणून 17 जूनपर्यंत कामाचा हँडओव्हर पूर्ण करून 18 जून ते 8 जुलै माझी शिल्लक अर्जित रजा मंजूर करावी आणि 8 जुलै हा सेवेचा शेवटचा दिवस धरून मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. उरलेल्या नोटीसबद्दल कंपनीचा निर्णय लेखी कळवावा.’

या पत्रामागचा हिशेब एका उदाहरणातून उलगडतो. समजा, पुण्यातल्या एका कंपनीत बैठे काम करणारी कर्मचारी आहे. पगार 54,000 रुपये, त्यातले बेसिक 27,000. नोटीस 90 दिवसांची. मणक्यातली गादी सरकली आहे आणि शस्त्रक्रिया 25 जूनला ठरली आहे. 3 जूनला राजीनामा दिला, तर तो दिवस धरून नोटीस 31 ऑगस्टला संपते. तिने 17 जूनलाच सुटका मागितली, तर 15 दिवस भरतात आणि 75 उरतात. खात्यावर 21 दिवसांची रजा आहे. ती नोटीसमधून वळती झाली, तर वसुली 54 दिवसांची. आता कोणत्या पगारावर? अपॉइंटमेंट लेटरमध्ये बेसिक लिहिले असेल, तर दिवसाला 900 रुपयांप्रमाणे 48,600. ग्रॉस लिहिले असेल, तर दिवसाला 1,800 प्रमाणे 97,200. एका शब्दाने रक्कम दुप्पट होते. म्हणून विनंती लिहिण्याआधी ते पान उघडावे. या वसुलीवर जीएसटीची ओळ दिसली, तर ती काढायला सांगावी. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 2022 मध्येच नोटीस वसुलीवर जीएसटी लागत नाही असे स्पष्ट केले आहे.

पण या हिशेबात एक खड्डा आहे, आणि आजारी माणूस बहुधा त्यातच पडतो. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे सेवेच्या शेवटच्या दिवसापर्यंतच असतो. 17 जूनला सुटका झाली, तर 25 जूनच्या शस्त्रक्रियेला विमा नाही. माणूस ज्या आजारासाठी धडपडून लवकर सुटतो, त्याच आजाराचा खर्च त्याच्या अंगावर येतो. म्हणून वरच्या पत्रात रजा नोटीसमधून वळती करायला सांगितलेली नाही, ती प्रत्यक्ष घेतली आहे. 18 जून ते 8 जुलै हे 21 दिवस ती कर्मचारी रजेवर, पण पटावर असते. 9 जुलै ते 31 ऑगस्ट पुन्हा तेच 54 दिवस उरतात आणि वसुलीचा आकडा बदलत नाही. फरक एवढाच, की शस्त्रक्रिया विम्यात बसते. काही कंपन्या नोटीसमध्ये रजा देत नाहीत, किंवा घेतली तेवढे दिवस नोटीस लांबवतात. अशा ठिकाणी हा बदल मान्य झाल्याची लेखी कबुली हातात येईपर्यंत शेवटचा दिवस पक्का समजू नये. ग्रुप विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते; तो अर्जही सेवा संपण्याआधी करावा, नंतर नाही.

रजेची शिल्लक किती, हे महाराष्ट्रात बऱ्याच जणांना पगाराच्या स्लिपवरूनच कळते. 2017 च्या राज्याच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. साठलेली ही रजा आजारी माणसाच्या हातातला हुकमी पत्ता आहे.

तडजोडीत कंपनीला काय द्यायचे, हाही प्रश्न असतो. मॅनेजरला माणसाच्या आजारापेक्षा उघड्यावर पडणाऱ्या कामाची काळजी असते, आणि ती चुकीची नाही. कोणत्या फाइली कुणाकडे, कोणते काम अर्धवट, कोणती तारीख जवळ आली आहे, याची दोन पानी यादी पत्रासोबतच दिली, तर सुटकेचा निर्णय सोपा जातो. उदाहरणातल्या कर्मचारीने ही यादी देऊन 54 ऐवजी 27 दिवसांची वसुली मागितली आणि ती मान्य झाली, तर बेसिकवर ती 24,300 रुपये होते. यापैकी काहीच मान्य झाले नाही, तरी निदान फोनवर मिळालेल्या होकाराचा मेल लगेच पाठवावा: ‘आज बोलणे झाल्याप्रमाणे...’ तोंडी होकार देणारा मॅनेजर फुल अँड फायनलच्या वेळी त्याच जागेवर असेलच असे नाही.

शेवटचा दिवस ठरवताना ग्रॅच्युइटीही पाहावी. ती सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. पाच वर्षे भरत आली असतील, तर चार आठवडे आधी सुटण्याची किंमत नोटीसच्या वसुलीपेक्षा मोठी ठरू शकते. अपवाद मृत्यू आणि अपंगत्वाचा आहे: अपघात किंवा आजारामुळे माणूस आधी करत असलेले काम करण्यास असमर्थ झाला असेल, तर पाच वर्षांची अट लागत नाही. मात्र तेव्हा ‘काही महिने विश्रांती’ म्हणणारे सर्टिफिकेट चालत नाही, असमर्थतेचा स्पष्ट उल्लेख लागतो. उदाहरणातली गादी शस्त्रक्रियेनंतर बरी होण्याची अपेक्षा असल्याने हा अपवाद तिला बसणार नाही.

पीएफचा मुद्दा याहून हलका. पाच वर्षांच्या आत काढलेली पीएफची रक्कम करपात्र होते, पण आजारपणामुळे सेवा संपली असेल तर ती सूट मिळते. त्यासाठी राजीनाम्याच्या पत्रात आणि कंपनीच्या स्वीकृतीपत्रात ‘प्रकृतीच्या कारणामुळे’ हे शब्द असावे लागतात. ‘वैयक्तिक कारण’ असे मोघम लिहिलेल्या पत्रातून नंतर ती सवलत काढणे अवघड जाते. स्वीकृतीपत्र हातात आल्यावर त्यातला शेवटचा दिवस, सुटण्याचे कारण आणि वसुलीचे दिवस हे तिन्ही त्याच दिवशी पडताळून पाहावेत; चूक असेल तर दुरुस्तीचा मेल सेवा संपण्याआधीच जावा, कारण त्यानंतर कंपनीचा मेल आयडी बंद होतो.