दीर्घकवितेतील खंडरचना
दीर्घकवितेतील खंडरचना म्हणजे अनेक पृष्ठांच्या कवितेची गती टिकवण्यासाठी केलेली खंडांची मांडणी. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी' (इंग्रजी, १९७६) या ३१ कवितांच्या मालिकेत सलग कथानक नाही. वाचकाला पुढे नेतो तो प्रवासाचा क्रम. पहाटेच्या बसपासून ती रेल्वे स्थानकावरील सूर्यास्तापर्यंत जाते. मधले खंड मुद्दाम असमान आहेत. 'द डोअरस्टेप' चार ओळींत संपते, तर 'द रेल्वे स्टेशन'चे सहा भाग होतात. 'चैतन्य' हे शीर्षक अंतराअंतराने तीनदा येते व वाचकाला ओळखीची खूण मिळते. खंडांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर ती रचना दीर्घकविता न राहता केवळ संग्रह ठरते. येथे तसे होत नाही: गावाबाहेर नाचणाऱ्या कोंबड्यांचे पानभर विखुरलेले शब्द देवळांच्या फेरीनंतरच मोकळे वाटतात.