फोटो आलाच नाही, मग भाषांतर कशाचं?

कोहमाऱ्याच्या चौकात गोंदियाचा रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गाला मिळतो. तिथून पूर्वेला देवरी ओलांडली की छत्तीसगड लागतं. दोन्हीकडे सोयरीक असते, त्यामुळे शेताचे कागदही इकडून तिकडे फिरतात. एखाद्या ताईंना माहेरच्या जमिनीत हिस्सा असतो, तिकडून हिंदीतला बी-1 येतो आणि इथे मराठी-हिंदी दोन्ही जाणणाऱ्याच्या मोबाईलवर निरोप पडतो : "भाऊ, या फोटोचं मराठी करून द्या, आजच पाहिजे." वर-खाली पाहावं, तर फोटोच नाही.

अशा वेळी सर्वांत धोक्याचं काम म्हणजे कामाला लागणं. बी-1 म्हणजे खातेदाराच्या नावे असलेल्या सगळ्या जमिनीचा उतारा, साधारण आपल्या आठ-अ सारखा. पी-2 म्हणजे खसरा, तो आपल्या सात-बाराच्या जवळचा. अनेक उतारे पाहिलेल्या माणसाला त्यांचे रकाने पाठ असतात : खातेदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, खसरा क्रमांक, रकबा, लगान. न पाहताही पानभर मराठी लिहून देता येतं आणि ते अगदी खरं वाटतं. पण ताईंना हवे असतात ते रकान्यांत भरलेले तपशील. नाव भावाचं एकट्याचं आहे की सामायिक, त्यांच्या नावापुढे पतीचं नाव आहे की वडिलांचं, रकबा किती हेक्टर, हे फोटोशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. गेल्या वर्षी त्याच घरचा कागद पाहिला होता, हेही कारण चालत नाही. मधल्या काळात फेरफार झालेला असू शकतो.

म्हणून आधी फोटो कुठे अडला ते पाहायचं. व्हॉट्सॲपवर याच्या खुणा बऱ्यापैकी स्पष्ट असतात. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर फोटोखाली घड्याळ दिसत असेल, तर तो त्यांच्या फोनमधून निघालेलाच नाही. मजकूर हलका असतो, तो कमी रेंजमध्येही निसटतो. फोटो मागे राहतो. एक टिक असेल तर फोटो सर्व्हरपर्यंत पोचला आहे. दोन टिक असतील तर तो आपल्या फोनपर्यंत आलेला आहे, आणि मग शोध आपल्याच बाजूला घ्यायचा. धूसर चौकोन आणि त्यावर बाण दिसत असेल तर तो डाउनलोड करायचा बाकी आहे. बाण दाबूनही उघडत नसेल तर फोनमधली जागा भरली आहे का, हे बघावं.

आमच्या भागात फार दिसणारा आणखी एक प्रकार आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी कागदाचा फोटो टाकतो, खाली दुसरा लिहितो, "याचं मराठी करून घ्या." तिसरा माणूस ही खालची ओळच तेवढी निवडून पुढे ढकलतो. निरोपावर फॉरवर्ड केल्याची खूण असेल आणि त्यात "वरचा फोटो" असे शब्द असतील, तर हे घडलं असण्याची शक्यता मोठी. पाठवणाऱ्याच्या ग्रुपमध्ये फोटो दिसत असतो. "पाठवला तर आहे!" असं तो रागाने म्हणतो, आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं.

तेव्हा नुसतं "फोटो नाही" म्हणून भागत नाही. उत्तर असं द्यावं : "ताई, तुमचा निरोप मिळाला, पण सोबत फोटो आला नाही, फक्त मजकूर आला. फोटो ग्रुपवर असेल तर तिथून तोच निवडून माझ्याकडे पाठवा. कागद बी-1 आहे की पी-2, आणि तो फक्त समजून घ्यायचाय की कुठे द्यायचाय, तेही सांगा." शेवटचा प्रश्न आत्ताच विचारण्यात फायदा आहे. नुसतं समजून घ्यायचं असेल तर त्यांनी फोनवर रकाने वाचून दाखवले तरी तोंडी अर्थ सांगता येतो. तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे द्यायचं असेल, तर मात्र ऐकलेल्या मजकुरावर लेखी भाषांतर करून सही ठोकू नये. घाई कितीही असो.

पुन्हा पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगावं. साधा फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि बारीक आकडे फुटतात. रकब्यातला दशांश बिंदू गेला तर क्षेत्रच बदलतं. कागदाचे चारही कोपरे दिसावेत, मागे काही लिहिलं असेल तर तीही बाजू घ्यावी.

आणि फोटो आला, तरी एकदा पानं मोजावीत. खात्यात खसरे जास्त असले की बी-1 दुसऱ्या पानावर जातो आणि एकूण रकबा तिथेच असतो. पहिल्या पानाखाली बेरीज दिसत नसेल तर अजून एक फोटो यायचा आहे. तो मागून घ्यावा, आणि तोवर आलेल्या पानाचं भाषांतर दिलंच तर वर "पान 1, अपूर्ण" असं लिहून द्यावं.