दोनदा ‘हो’ कोणी म्हटलं?

कऱ्हाडला बाबांच्या मोबाइलचं बिल दरमहा मीच भरते. रक्कम बघायची, पैसे पाठवायचे, एवढाच आजवरचा रिवाज. जूनमध्ये पहिल्यांदा बिलाची दोन्ही पानं नीट वाचली. मासिक भाड्याखाली बारीक अक्षरांत ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस – गेम्स’ अशी ओळ होती आणि पुढे ४९ रुपये. एप्रिल आणि मेची बिलं काढली, त्यांतही तेच. बाबांचं वय ७६. फोनवर ते मुलांशी बोलतात आणि सकाळी भजनं ऐकतात. गेम कुठून आला?

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, “मॅडम, सेवा तुमच्याच नंबरवरून चालू झाली आहे. मी बंद करून देते, पण पैसे परत मिळणार नाहीत.” बहुतेक तक्रारी याच वाक्यावर थांबतात. आपण म्हणतो “घेतली नाही”, ते म्हणतात “घेतली”, आणि शब्दाला शब्द वाढत जातो. पण सिद्ध करायचं काम आपलं नाही, हे इथे पक्कं लक्षात ठेवायला हवं.

ट्रायने जुलै २०१३ मध्ये मोबाइल कंपन्यांना दुहेरी संमतीचा आदेश दिला. ग्राहकाने एकदा होकार दिला तरी सेवा लगेच चालू करता येत नाही. दुसरा होकार वेगळ्या, त्रयस्थ यंत्रणेमार्फत घ्यावा लागतो आणि तो घेताना सेवेचं नाव, शुल्क, मुदत सांगावी लागते. म्हणजे होकार खरोखर झाला असेल, तर त्याची नोंद असायलाच हवी. ती नोंद मागणं हा ईमेलचा गाभा.

त्याआधी दोन गोष्टी केल्या. चालू सेवांच्या यादीचा आणि बिलांतल्या त्या ओळींचा स्क्रीनशॉट घेतला, कारण सेवा बंद केली की ती यादीतून निघून जाते. मग १५५२२३ वर STOP असा एसएमएस पाठवून सेवा बंद केली. हा सर्व कंपन्यांसाठी एकच टोल-फ्री क्रमांक आहे. त्यानंतर बाबांच्याच फोनवरून १९८ ला तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घेतला. त्याशिवाय पुढचा टप्पा अडतो. नंबर बाबांच्या नावावर असल्याने ईमेलही त्यांच्याच नावाने पाठवला. राग बाजूला ठेवून एवढंच लिहिलं:

“विषय: न मागितलेल्या सेवेचे १७३.४६ रुपये परत मिळणेबाबत, डॉकेट क्र. …

माझ्या क्रमांकावर एप्रिल, मे व जूनच्या बिलांत गेम्स सेवेपोटी प्रत्येकी ४९ रुपये आकारले आहेत. ही सेवा मी घेतलेली नाही. पहिल्या व दुसऱ्या संमतीची तारीख, वेळ, माध्यम व मजकूर यांची नोंद कृपया पाठवावी. नोंद नसल्यास १४७ रुपये व त्यावरील १८ टक्के जीएसटी २६.४६ रुपये, एकूण १७३.४६ रुपये बिलात जमा करावेत. बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.”

जीएसटीची रक्कम लोक हमखास विसरतात. आकारणी चुकीची ठरली, तर तिच्यावरचा करही परत यायला हवा.

मात्र ईमेल पाठवण्याआधी घरात शांतपणे विचारून घ्यावं. सुट्टीत आलेल्या नातवंडाने जाहिरातीवर बोट टेकवून पुढच्या पडद्यावरही ‘ओके’ दाबलं असेल, तर दोन्ही होकारांची नोंद सापडते आणि दावा लंगडा पडतो. आमचा आदित्य मार्चमध्ये कऱ्हाडला होता, म्हणून त्याला विचारलं. त्याने बाबांच्या फोनला हातही लावला नव्हता.

दहा दिवसांनी “तक्रार निकाली काढली” असा एसएमएस आला. नोंद नाही, पैसे नाहीत. असं झालं की हात टेकायचे नाहीत. प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावं लागतं आणि त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तिथे ३० दिवसांच्या आत अपील करायचं. फी नाही, आणि निकालाला कमाल मुदत ३९ दिवसांची. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे लिहून वेळ जातो. अपीलातही न्याय मिळाला नाही, तर ग्राहक आयोग आहे. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आम्ही अपीलात तोच ईमेल, डॉकेट क्रमांक आणि एक वाक्य जोडलं: “मागितलेली संमतीची नोंद अद्याप मिळालेली नाही.” ती नोंद शेवटपर्यंत आली नाही. ऑगस्टच्या बिलात मात्र १७३.४६ रुपये वजा झालेले दिसले. बाबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “आता सप्टेंबरचं आलं की तेही मला वाचायला दे.”